बढती साहेबांची, पत्र पुरवठादाराचं

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात एप्रिल ते जुलै हे बढत्यांचे महिने. मार्चअखेरीला आर्थिक वर्ष संपतं, बहुतेक कंपन्यांत मूल्यमापनाच्या फेऱ्या होतात आणि मग एके दिवशी खरेदी विभागातल्या आपल्या माणसाच्या ईमेलखाली नवं पद दिसतं. काल तो डेप्युटी मॅनेजर होता, आज सीनियर मॅनेजर आहे. त्याला माल पुरवणाऱ्या लहान कारखानदाराला खरंच आनंद होतो, कारण कित्येक वर्षांची ओळख असते. त्याच वेळी आता आपलं काम थोडं सोपं होईल, अशी आशाही मनात येते. या दोन्ही भावनांत गैर काही नाही. पण त्या एकाच संदेशात उतरल्या की अभिनंदन बिघडतं आणि संबंधांवर नको ती सावली पडते.

मी बरीच वर्षं खरेदीच्या बाजूला बसून असे संदेश वाचले आहेत. त्यांतले बहुतेक चांगल्या मनाने लिहिलेले होते, तरी काही वाचताना अंगावर काटा यायचा. कारण खरेदीतल्या माणसाला आलेला पुरवठादाराचा संदेश खासगी राहत नाही. कंपनीच्या ईमेलवर आला तर तो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर पुढे कधी चौकशी झाली, की त्याचा फोटो काढून समोर ठेवता येतो. म्हणून पुरवठादाराने एकच कसोटी लावावी: हा मजकूर उद्या त्यांच्या अंतर्गत लेखापरीक्षकाने वाचला, तर आपल्या माणसाची मान ताठ राहील का?

एक उदाहरण घेऊ. भोसरीत चार सीएनसी मशिनं असलेला एक कारखाना चाकणच्या एका मोठ्या कंपनीला स्टीलचे बुश पुरवतो. तिथल्या खरेदी विभागातल्या ज्या गृहस्थांशी रोजचा संबंध, त्यांना बढती मिळाली. कारखान्याच्या मालकाने पहिल्या उत्साहात जे लिहिलं, ते साधारण असं होतं:

‘अभिनंदन सर! तुमच्यासारख्या सहकार्य करणाऱ्या माणसाला हे पद मिळायलाच हवं होतं. तुमच्यामुळे आमचं पेमेंट कधी अडकलं नाही. पुढेही असंच लक्ष असू द्या.’

वाचायला गोड आहे. पण आता तो लेखापरीक्षकाच्या नजरेने वाचा. ‘सहकार्य करणारा’ म्हणजे कोणाला सहकार्य? कंपनीला की पुरवठादाराला? ‘तुमच्यामुळे पेमेंट अडकलं नाही’ म्हणजे बाकीच्यांचं अडकत होतं आणि यांचं नाही, असा अर्थ कोणीही काढू शकतो. बिल मंजूर होणं हा नियमाचा भाग असताना त्याचं श्रेय एका व्यक्तीला दिलं, की नियम बाजूला ठेवून मेहेरबानी झाल्यासारखं दिसतं. आणि ‘पुढेही लक्ष असू द्या’ हे उघड मागणं आहे. ज्याला आपण मान द्यायला निघालो, त्याच्या प्रामाणिकपणावर तीन वाक्यांत तीन प्रश्नचिन्हं उभी राहिली.

खरेदीतल्या माणसाची स्तुती करायचीच असेल, तर त्याच्या काटेकोरपणाची करावी. तो आपल्याशी किती मऊ वागला हे सांगू नये; तो कुठे कडक राहिला आणि त्यातून काम कसं सुधारलं, हे सांगावं. अशी स्तुती त्याच्या वरिष्ठांनी वाचली तरी त्याचा मान वाढतो. शिवाय ती फक्त तुम्हीच करू शकता, कारण तो प्रसंग तुमच्या कारखान्यात घडलेला असतो.

याच कारखान्यात असा प्रसंग घडला होता. आदल्या वर्षी बुशचा एक पूर्ण लॉट परत आला. आतलं भोक मापापेक्षा किंचित लहान होतं, शाफ्ट आत जाईना. भोसरीत मात्र प्रत्येक नग प्लग गेजने तपासलेला होता आणि सगळे पास होते. डेबिट नोट काढून विषय मिटवता आला असता. पण हे गृहस्थ स्वतः त्यांच्याकडचा गेज घेऊन आले आणि दोन्ही गेज शेजारी ठेवून मोजले. भोसरीतल्या गेजची ‘गो’ बाजू वापरून वापरून झिजली होती. झिजलेला गेज बारीक होतो आणि मग तो लहान भोकातही सहज जातो. त्यामुळे चुकीचा नग बरोबर ठरत होता. लॉटचं नुकसान पुरवठादाराला सोसावं लागलंच, त्यात त्यांनी सूट दिली नाही. पण त्या दिवसापासून गेज ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेशनला जाऊ लागले आणि प्रत्येक पाळीचा पहिला नग मोजून नोंदवला जाऊ लागला.

अभिनंदनासाठी लागणारा सगळा मजकूर या प्रसंगात तयार आहे. मालकाने पहिला मसुदा खोडून मग असं लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार सर. सीनियर मॅनेजर झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. गेल्या वर्षी बुशचा लॉट परत आला, तेव्हा तुम्ही स्वतः गेज घेऊन आमच्याकडे आलात. प्रत्येक पाळीचा पहिला नग मोजून नोंदवण्याची सवय आमच्या मुलांना तेव्हापासून लागली, ती आजही चालू आहे. नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा. कामाच्या गडबडीत असाल, उत्तराची घाई नाही.’

पहिल्या वाक्यात बातमी आणि अभिनंदन आहे, त्यात पद अचूक आहे. नंतरच्या दोन वाक्यांत फक्त या दोघांना ठाऊक असलेला प्रसंग आहे, आणि त्याचा परिणाम वर्तमानकाळात आहे. ‘आजही चालू आहे’ हे तीन शब्द मला सगळ्यात मोलाचे वाटतात. आपण केलेलं काम एका दुसऱ्या कारखान्यात टिकून आहे, हे कळणं बढतीच्या पत्राइतकंच सुखावतं. शेवटचं वाक्य त्याला उत्तराच्या ओझ्यातून मोकळं करतं. बढतीच्या आठवड्यात माणसाकडे संदेशांचा ढीग साचतो, प्रत्येकाला उत्तर देणं हेच एक काम होऊन बसतं. त्या गर्दीत जो काही मागत नाही, तो लक्षात राहतो.

आठवणीतला प्रसंग निवडताना एक पथ्य पाळावं. ज्यात तुमच्या माणसाने कंपनीची प्रक्रिया बाजूला ठेवून तुम्हाला अडचणीतून काढलं, तो प्रसंग कितीही हृद्य असला तरी लिहू नये. रात्री उशिरा गेटवर माल घ्यायला लावला, तपासणीआधीच पावती दिली, असं काही असेल तर ते मनात राहू द्या. तुमच्या दृष्टीने ती कृतज्ञता असते, कागदावर ती त्याची चूक ठरते. आणि असा सांगण्याजोगा एकही प्रसंग आठवत नसेल, तर ओढूनताणून काही लिहू नका. पदाचं नाव अचूक घालून दोन साधी वाक्यं लिहा. खोटी जवळीक वाचणाऱ्याला लगेच कळते.

वेळेचा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. बढतीची बातमी पुष्कळदा कंपनीच्या अधिकृत घोषणेआधी बाहेर फिरते. गेटवरच्या माणसाला, ट्रान्सपोर्टवाल्याला, दुसऱ्या पुरवठादाराला ती आधी कळते. अशा वेळी केलेलं अभिनंदन त्या माणसाला अडचणीत टाकतं. तो हो म्हणू शकत नाही, नाही म्हणणंही खोटं ठरतं, आणि बातमी कुठून फुटली हा प्रश्न त्याच्या मागे लागतो. ईमेलखालचं पद बदललेलं दिसेपर्यंत किंवा त्याने स्वतः सांगेपर्यंत थांबावं. लिंक्डइनवरच्या सूचनेवर एकट्याने विसंबू नये. कोणी जुनी माहिती दुरुस्त केली तरी तशी सूचना येऊ शकते. शंका असेल तर कंपनीच्या ऑपरेटरला फोन करून ‘साहेबांचं सध्याचं पद काय लिहायचं?’ एवढं विचारलं तरी खात्री होते. एकदा खात्री झाली, की दोन-तीन दिवसांत लिहावं. महिनाभराने कळलं, तर उशिराबद्दल लांबलचक सफाई देत बसू नये. ‘आज कळलं, फार आनंद झाला’ एवढं पुरतं.

सुट्टीचा दिवस तेवढा बघावा. भोसरी-पिंपरीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर समोरच्या कंपनीची रविवारी असू शकते. आपण निवांत असतो तेव्हा समोरचा ऐन पाळीत असतो, किंवा उलट. लिखित संदेशाला याने फार फरक पडत नाही, पण फोन करणार असाल तर पडतो.

बढत्यांच्या महिन्यांत आणखी एक अडचण येते. मार्चअखेरीनंतरचा हा काळ थकलेल्या बिलांच्या पाठपुराव्याचाही असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६चा कायदा सांगतो. तेव्हा बिल मागण्यात संकोच करण्याचं काही कारण नाही. पण ते मागणं वेगळ्या ईमेलमध्ये, बिल क्रमांक आणि तारीख घालून, शक्यतो लेखा विभागाला पाठवावं. अभिनंदनाच्या खाली ‘ता. क.’ म्हणून बिलाची आठवण आली, की वरचं सगळं त्या आठवणीची प्रस्तावना होऊन बसतं. बिलाचा ईमेल त्याच दिवशी जाणं अटळ असेल, तर तो जाऊ द्या आणि अभिनंदन दोन दिवसांनी करा.

संदेश एकट्यालाच पाठवा. पुष्कळ कंपन्यांचे पुरवठादारांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात. तिथे एकाने अभिनंदन केलं की मिनिटाभरात पुष्पगुच्छांची रांग लागते, आणि कोणाचा पुष्पगुच्छ आला नाही याचीही नोंद होते. शिवाय त्याच गटात ते दुसरे अधिकारीही असतात, ज्यांची बढती यंदा हुकली. त्यांच्याशीही तुमचा रोजचा व्यवहार आहे. त्यांना ही बातमी तुमच्याकडून सांगू नका आणि ‘पुढच्या वर्षी तुमचंही होईल’ असा दिलासा तर मुळीच देऊ नका. त्यांच्याशी आधीसारखंच, कामाचं बोलत राहणं हीच तिथली खरी शालीनता आहे. ईमेल लिहीत असाल तर साहेबांच्या वरिष्ठांना प्रत पाठवण्याचा मोहही आवरा. पत्र वर दाखवायचं की नाही, हे ज्याचं पत्र त्याने ठरवावं.

आता भेटवस्तू. इथे आपली रीत मदतीला येते, ती फक्त विसरायची नाही. आपल्याकडे ज्याच्या घरी आनंद झाला तो पेढे वाटतो. पास झालेला मुलगा पेढे घेऊन येतो, बढती मिळालेला माणूस ऑफिसात पेढ्यांचा डबा फिरवतो. अभिनंदन करणाऱ्याने मोठा डबा नेण्याची रीतच नाही. तुम्ही गेलात आणि त्यांनी पेढा पुढे केला, तर तो आनंदाने खा. त्यात त्यांचा मान आहे आणि कोणत्याही धोरणात ते बसतं. अनेक मोठ्या कंपन्या दिवाळीआधी पुरवठादारांना ‘भेटवस्तू पाठवू नयेत’ असं पत्र पाठवतात. तुमच्या फाइलमध्ये असं पत्र असेल, तर ते दिवाळीपुरतं समजू नका. भेटवस्तू परत पाठवावी लागणं हा घेणाऱ्यालाही त्रास असतो: त्याला ती नोंदवावी लागते, समजावून सांगावी लागते, आणि पुढच्या भेटीत दोघेही अवघडतात. हाताने लिहिलेलं कार्ड कोणालाच परत करावं लागत नाही.

सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातला माणूस असेल, तर हा प्रश्न शिष्टाचाराचा उरत नाही. पुण्यात असे संबंध पुष्कळांचे असतात: खडकी, देहूरोडचे दारूगोळा आणि आयुधनिर्माणीचे कारखाने, बँक ऑफ महाराष्ट्र, दोन्ही महापालिका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाऱ्याचा गुन्हा स्वतंत्रपणे त्यात आला. देणाऱ्याच्या व्यावसायिक संस्थेवरही जबाबदारी आली. ज्याच्यासमोर तुमची निविदा किंवा बिल प्रलंबित आहे, त्याला बढतीनिमित्त काहीही वस्तू पाठवू नका, पत्र पाठवा. फुलं द्यावीशी वाटली, तर निविदेचा निर्णय झाल्यानंतरही पाठवू नका. तेव्हा तर ती आणखी वाईट दिसतात.

अभिनंदनाचे फलक हा पुण्यातला वेगळाच विषय आहे. चौकात साहेबांचा हसरा फोटो, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आपला आणि भागीदारांचा फोटो. काही उद्योजकांना यात खरोखर प्रेम दिसतं. पण परवानगीविना लावलेला फलक महाराष्ट्रात १९९५च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि बेकायदा फलक हटवून कारवाई करा, असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सर्व महापालिकांना दिले आहेत. महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाने फलक उतरवला, तर नाचक्की ज्याचा फोटो आहे त्याची होते. आणि परवानगी घेऊन लावला तरी एका पुरवठादाराने खरेदी अधिकाऱ्याचा फोटो चौकात लावणं, हे त्या अधिकाऱ्याला कंपनीत समजावून सांगणं अशक्य आहे. कृपा करून हे करू नका.

पुरस्काराचं अभिनंदन बढतीपेक्षा थोडं वेगळं असतं, कारण पुरस्कार सहसा कशासाठी दिला हे लेखी असतं. मराठा चेंबरचा, म्हणजे १९३४ साली पुण्यात स्थापन झालेल्या आपल्या व्यापारी-औद्योगिक संस्थेचा पारखे पुरस्कार असो किंवा महिला उद्योजकांसाठीचा रमाबाई जोशी पुरस्कार, त्यामागे विशिष्ट काम असतं. अभिनंदन करण्याआधी ते काम कोणतं हे वाचून घ्या आणि पत्रात त्याचं नाव घ्या. ‘तुमच्या पुरस्काराबद्दल’ असं मोघम लिहिणाऱ्याने बातमीचा मथळाच वाचला आहे, हे कळतं. काम एका माणसाचं नसून गटाचं असेल, तर ‘तुमचं आणि तुमच्या सहकाऱ्यांचं’ असं लिहा. तुम्ही पुरवलेला भाग त्या उत्पादनात असला तरी पत्रात त्याचा उल्लेख करू नका. तो त्यांना आठवेलच, आणि त्यांनी काढला तर त्याचा गोडवा वेगळा.

पद्म पुरस्काराच्या बाबतीत एक चूक फार मोठ्या घरांतूनही होते. पुण्याच्या उद्योगजगतात हे प्रसंग आले आहेत: राहुल बजाज यांना २००१ साली, बाबा कल्याणी यांना २००८ साली आणि सायरस पूनावाला यांना २०२२ साली पद्मभूषण मिळालं. अशा वेळी अभिनंदनाच्या पाकिटावर, सत्काराच्या निमंत्रणावर ‘पद्मभूषण श्री. अमुक’ असं सर्रास छापलं जातं. पद्म सन्मान ही पदवी नाही. तो नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं आहे. तसा वापर झाला तर सन्मान काढून घेण्याची तरतूदही आहे. तेव्हा पाकिटावर फक्त नाव लिहा आणि ‘आपल्याला पद्मभूषण जाहीर झाल्याबद्दल’ हे पत्राच्या मजकुरात येऊ द्या. या सन्मानांत दोन वेगळ्या तारखाही असतात. प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला नावं जाहीर होतात आणि प्रत्यक्ष प्रदान समारंभ राष्ट्रपतींच्या हस्ते पुढे होतो. जाहीर झाल्याच्या आठवड्यात सगळ्या शहराची पत्रं जातात. तुमचा परिचय जुजबी असेल, तर प्रदान समारंभानंतर पाठवलेलं छोटं पत्र जास्त निवांतपणे वाचलं जातं.

पत्र गेल्यावर काय? समोरून ‘धन्यवाद’ आलं की तिथेच थांबा. त्या धन्यवादाला ‘मग कधी भेटू या?’ असं उत्तर देऊ नका. पुढचा संपर्क नेहमीच्या कामाचा असू द्या, आणि त्यात बढतीचा पुन्हा उल्लेख नको. त्यांनी स्वतः ‘या एकदा’ म्हटलं, तर वेळ घेऊन, गेटपास काढून, पंधरा मिनिटांसाठी जा आणि नवी जबाबदारी नेमकी काय आहे ते ऐकून घ्या. पदाबरोबर अधिकारही बदललेले असतात. आधी जे भाव ठरवत होते ते आता पुरवठादारांच्या गुणवत्तेकडे पाहत असतील, तर तुमचं रोजचं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं आहे. ते जुन्या ओळखीवर यांच्याकडेच नेत राहिलात, तर नव्या माणसाला डावलल्यासारखं होतं आणि जुन्याला संकोच होतो. जागेवर आलेल्या नव्या अधिकाऱ्याला आपला परिचय, पुरवत असलेल्या भागांची यादी आणि सध्याच्या अडचणी असं एक स्वच्छ पत्र त्याच आठवड्यात पाठवावं. त्यात आधीच्या साहेबांची स्तुती नको.

आणि बढतीबरोबर माणूस दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारखान्यात गेला, व्यवहारच संपला, तर बहुतेक पुरवठादार अभिनंदन करायचं टाळतात. आता काय उपयोग, असं वाटतं. खरेदीच्या खुर्चीवरून मी सांगू शकतो, की बदलीनंतर आलेली पत्रं मोजकी असायची आणि ती जपून ठेवली जायची, कारण त्यांत शंकेला जागाच नसायची. यंदा ज्यांच्याशी तुमचं एकही बिल, एकही निविदा बाकी नाही अशा कोणाची बढती कळली असेल, तर पहिलं पत्र त्यांना लिहा.